शब्दांत नसलेला कोल्हा

चित्रपुस्तकातली गोष्ट काही शब्दांत असते, काही चित्रांत असते आणि बरीचशी त्या दोहोंच्या मधल्या जागेत असते. सचित्र पुस्तकाची तऱ्हा वेगळी. तिथे गोष्ट शब्दांतच पूर्ण झालेली असते आणि चित्रे तिला शोभा देतात, किंवा फार तर एखादा प्रसंग डोळ्यांसमोर उभा करतात. चित्रे काढून टाकली तरी सचित्र पुस्तकातली गोष्ट कळते. चांगल्या चित्रपुस्तकाचे मात्र नुसते शब्द वाचले तर गोष्ट लंगडी पडते, कधी कधी भलतीच होते. त्यामुळे चित्रपुस्तकाचा अभ्यास करताना शब्दांत काय आहे आणि चित्रांत काय आहे याची यादी करून भागत नाही. शब्दांत काय नाही आणि चित्रांत काय नाही हे शोधावे लागते.

याचे सर्वांत सोपे आणि तरीही भरपूर शिकवणारे उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या पॅट हचिन्स यांचे ‘रोझीज वॉक’ हे 1968 सालचे पुस्तक. सगळ्या पुस्तकात मिळून 32 शब्द आहेत आणि वाक्य एकच. रोझी नावाची कोंबडी फेरफटका मारायला निघते, शेतावरच्या सहा जागांवरून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते, एवढेच ते वाक्य सांगते. एखाद्या मोठ्या माणसाला हे फोनवरून वाचून दाखवले तर तो विचारील, पुढे काय झाले? काहीच झालेले नसते. शब्दांपुरते बोलायचे तर ही गोष्टच नव्हे, नुसता रस्ता आहे.

चित्रांत मात्र पहिल्यापासून एक कोल्हा आहे. तो रोझीच्या मागे लागला आहे, तिच्यावर झेप घ्यायला टपला आहे, आणि शब्दांत त्याचा उल्लेख एकदाही नाही. अंगणात तो उडी मारतो तो नेमका दाताळ्यावर, आणि दाताळ्याचा दांडा उसळून त्याच्या तोंडावर बसतो. तळ्याशी तो पाण्यात पडतो. गवताच्या गंजीत बुडतो. पवनचक्कीपाशी पिठाचे पोते त्याच्यावर रिकामे होते. कुंपणाशी झेप चुकून तो गाड्यात जाऊन पडतो. तो गाडा मधमाश्यांच्या पेट्यांवर आदळतो आणि माश्या त्याच्या मागे लागतात. रोझी मान ताठ ठेवून पुढे चालत राहते आणि आपल्या खुराड्यात पोचते.

या गोष्टीचे सगळे नाट्य कोल्ह्यात आहे आणि कोल्हा चित्रांतच आहे, म्हणजे शब्द नसते तरी चालले असते, असे यावरून वाटेल. ते खरे नाही. शब्द काढून टाकले तर उरते ती कोल्ह्याच्या फजितीची चित्रमालिका. ती गमतीची असेल, पण तिच्यात उपरोध नसेल. उपरोध येतो तो शब्दांच्या अगदी निर्विकार स्वरामुळे. सांगणारा जणू रोझीकडेच बघत चालला आहे आणि त्यालाही मागचे काही दिसत नाही. मूल एकीकडे ऐकते की कोंबडी फिरायला गेली आणि दुसरीकडे पाहते की ती मरता मरता वाचली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरल्या की हसू येते. सांगणाऱ्याहून आपल्याला जास्त कळते, हा अनुभव बोबड्या वयातल्या वाचकाला मिळण्याच्या जागा फार थोड्या. कॅनडाचे समीक्षक पेरी नोडलमन यांनी 1988च्या आपल्या ग्रंथात चित्रपुस्तकातले शब्द-चित्रांचे नाते मुळातच उपरोधाचे असते असे मांडले आहे. एक जे बोलते त्याबद्दल दुसरे गप्प असते, हा त्या मांडणीचा गाभा, आणि ‘रोझीज वॉक’वर तो हुबेहूब बसतो.

पण या पुस्तकाची खरी कारागिरी पानांच्या हिशोबात आहे. चित्रपुस्तके बहुधा 32 पानांची असतात, कारण मोठ्या कागदावर एकदम छापून त्याला घड्या घातल्या की पाने आठ, सोळा, बत्तीस अशीच पडतात. त्यातली शीर्षकाची आणि छपाईच्या तपशिलाची पाने वजा केली की समोरासमोरच्या पानांच्या तेरा-चौदा जोड्या उरतात. चित्रकार विचार करतो तो पानाचा नव्हे, जोडपानाचा. हचिन्स यांनी आपली चौदा जोडपाने अशी वाटली आहेत. पहिल्यावर रोझी निघते, शेवटच्यावर ती घरी पोचते, आणि मधली बारा ही सहा फजित्यांच्या जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतल्या पहिल्या जोडपानावर दोन-तीन शब्द आणि हवेत झेपावलेला किंवा झेपावण्याच्या बेतात असलेला कोल्हा. दुसऱ्यावर शब्द नाहीच, नुसती फजिती.

म्हणजे झेप आणि आपटणे यांच्या मध्ये पान उलटावे लागते. ते पान उलटणे हीच गोष्टीतली क्रिया आहे. कोल्हा हवेत असताना मूल पानाचा कोपरा पकडते, आता काय होणार याचा अंदाज बांधते आणि पान उलटून तो पडताळून पाहते. अंदाज बांधायला आधार चित्रातच ठेवलेला असतो. दाताळे अंगणात आधीच पडलेले दिसते, तळे आधीच समोर असते. तीन-चार फजित्यांनंतर मूल कोल्ह्याकडे न बघता थेट अडचणीची वस्तू शोधू लागते. ही वाचनाचीच पायरी आहे, जरी एकही अक्षर ओळखता येत नसले तरी. अमेरिकेच्या बार्बरा बेडर यांनी 1976 साली चित्रपुस्तकाची व्याख्या करताना शब्द आणि चित्रांबरोबर पान उलटण्यातल्या नाट्याचाही समावेश केला, तो याचसाठी.

मांडणीतली आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रोझी डावीकडून उजवीकडे चालते, म्हणजे वाचणाऱ्याची नजर ज्या दिशेने सरकते त्याच दिशेने. कोल्हा तिच्या मागे, म्हणजे डावीकडे. पुस्तकाची उजवी कड ही पुढची, न घडलेली वेळ आणि डावी बाजू ही मागची, अशी एक न सांगितलेली समजूत त्यातून तयार होते. रोझीला मागे वळून बघायचे तर तिला पुस्तकाच्या प्रवाहाविरुद्ध मान वळवावी लागेल. ती वळवत नाही. तिला कोल्हा ठाऊक असतो की नसतो? पवनचक्कीपाशी पिठाच्या पोत्याची दोरी तिच्याच पायात अडकलेली दिसते, आणि तिथे मुले हमखास वाद घालतात. हचिन्स यांनी त्याचे उत्तर शब्दांतही दिलेले नाही आणि चित्रांतही नाही. कोंबडीच्या चेहऱ्यावर भाव जवळजवळ नाहीतच. चित्रेही सपाट, नक्षीदार, झाडांची पाने जणू छापाच्या कापडावरची. असल्या चित्रात कोल्हा कितीही आपटला तरी त्याला लागत नाही, हा त्या शैलीचा फायदा. हीच फजिती छायाचित्रासारख्या हुबेहूब शैलीत काढली असती तर मुलांना कोल्ह्याची कीव आली असती आणि विनोद संपला असता.

शब्दांनी एक सांगावे आणि चित्राने दुसरेच दाखवावे ही युक्ती हचिन्स यांची नव्हे. ती इंग्लंडच्या रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांच्यापर्यंत मागे जाते. 1882 साली त्यांनी एका जुन्या इंग्रजी बडबडगीताचे पुस्तक केले. गीताच्या शेवटी थाळी चमच्याबरोबर पळून जाते, आणि तिथेच गीत संपते. कॅल्डेकॉट यांनी त्यापुढे बिनशब्दांचे एक चित्र घातले. थाळीचे तुकडे होऊन पडले आहेत आणि चमचीला तिचे आईबाप, म्हणजे काटा आणि सुरी, दटावून घरी नेत आहेत. गाण्यातली मजा चित्रात शोकांतिका झाली. पुढे मॉरिस सेंडॅक यांनी आधुनिक चित्रपुस्तकाचा आरंभ कॅल्डेकॉट यांच्यापासून मानला, तो याच सुट्या जागेमुळे.

सेंडॅक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या 1963च्या पुस्तकात अनुपस्थितीचा उलटा प्रकार दिसतो. ‘रोझीज वॉक’मधला कोल्हा शब्दांत नाही. इथली आई चित्रांत नाही. मॅक्स नावाचा मुलगा लांडग्याचा पोशाख घालून घरभर दंगा करतो. आई त्याला रागावते आणि उपाशी झोपायला पाठवते. ती बोलते हे शब्दांतून कळते, शेवटी तिने जेवण ठेवले आहे हेही कळते, पण तिचा चेहरा एकाही चित्रात दिसत नाही. ती रागावलेली कशी दिसते हे ज्या त्या वाचकाने आपापल्या घरातून आणायचे. चित्रात तिला काढले असते तर ती मॅक्सची आई झाली असती, आणि बाकीच्या मुलांची सुटका झाली असती.

या पुस्तकात चित्राचा आकार हीच एक भाषा आहे. पहिले चित्र लहान आहे, भोवती रुंद पांढरा समास, आणि शब्द शेजारच्या पानावर वेगळे बसलेले. मॅक्स खोलीत कोंडला जातो आणि खोलीत रान उगवू लागते तसतसे चित्र पानागणिक वाढते, समास आक्रसतो. रान पुरते वाढेपर्यंत चित्राने उजवे पान व्यापलेले असते. मॅक्स होडीत बसतो तेव्हा चित्र शिवण ओलांडून शब्दांच्या पानावर सरकते. अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात ते दोन्ही पानांवर पसरते आणि शब्दांना खालच्या पट्टीत ढकलते. मग मॅक्स त्यांचा राजा होऊन धिंगाण्याचा हुकूम देतो, आणि लागोपाठ तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. राग, मस्ती, सुटका, जे काही असेल ते, तिथे भाषा संपते. धिंगाणा आटोपल्यावर चित्र पुन्हा आकसू लागते, शब्दांना जागा परत मिळते. हे सर्व मुलाला कोणी समजावून सांगत नाही. पान वाढल्याचे त्याला नुसते जाणवते.

चित्रात आणखी दोन गोष्टी पेरलेल्या आहेत. सुरुवातीच्या एका चित्रात जिन्याजवळच्या भिंतीवर मॅक्सने स्वतः काढलेले एका राक्षसी प्राण्याचे चित्र टांगलेले दिसते. पुढे भेटणारे प्राणी कुठून आले, याचा तो पुरावा. शब्द त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. दुसरी गोष्ट वेळेची. शब्दांच्या हिशोबाने मॅक्सचा प्रवास वर्षाहून लांबतो. शेवटी मात्र ताटातले जेवण निवलेलेसुद्धा नाही, म्हणजे घरात थोडाच वेळ गेला. आणि खिडकीतला चंद्र? सुरुवातीला कोर होती, शेवटी तो पूर्ण आहे. तीन घड्याळे तीन वेळा दाखवतात, आणि तिन्ही खरी वाटतात. एकट्या शब्दांना हे जमले नसते, कारण वाक्यात अशी विसंगती आली की ती चूक ठरते. जेवण गरम असल्याचा शेवटचा उल्लेख येतो त्या पानावर चित्रच नाही. पांढऱ्या पानावर नुसते शब्द. गोष्टीतला सर्वांत हळवा क्षण चित्रकाराने चित्राकडे न देता शब्दांकडे सोपवला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

जॉन बर्निंगहॅम यांच्या 1977 सालच्या ‘कम अवे फ्रॉम द वॉटर, शर्ली’मध्ये ही फाळणी पुस्तकाच्या शिवणीवरच केलेली आहे. डाव्या पानावर समुद्रकिनारी खुर्च्यांत बसलेले आईबाप, आणि आईच्या सूचना. उजव्या पानावर शर्ली चाच्यांशी लढते, खजिना शोधते, आणि तिथे एकही शब्द नाही. दोन्ही पाने शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

मारिया निकोलायेवा आणि कॅरोल स्कॉट यांनी 2001 साली अशा नात्यांची वर्गवारी केली. एका टोकाला शब्द आणि चित्र तेच ते सांगतात, मध्ये ते एकमेकांच्या उणिवा भरतात किंवा एकमेकांना वाढवतात, आणि दुसऱ्या टोकाला परस्परांच्या विरुद्ध बोलतात. वर्गवारी उपयोगी आहे, पण अख्खे पुस्तक एकाच खणात टाकायचा मोह टाळावा. सेंडॅक यांच्या पुस्तकात पानापानाला नाते बदलते.

हे सर्व नाते प्रत्यक्षात घडते ते पुस्तक मोठ्याने वाचले जाताना. वाचणाऱ्या मोठ्या माणसाचे डोळे अक्षरांच्या ओळीवर असतात. ऐकणाऱ्या मुलाचे कान शब्दांकडे आणि डोळे चित्राकडे मोकळे असतात. त्यामुळे कोल्हा आधी दिसतो तो मुलाला. केंब्रिजच्या मोराग स्टाइल्स आणि एव्हलिन अरिझ्पे यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांना चित्रपुस्तके दाखवून त्यांच्याशी सविस्तर बोलून 2003 साली ग्रंथ लिहिला. ज्यांना नीट वाचता येत नव्हते अशी मुलेही चित्रांतले बारकावे आणि गर्भितार्थ ओळखत होती, असे त्यांना आढळले. मराठी मुलखात ऐकणे आणि बघणे यांची अशी सांगड जुनीच आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून गाऊन कथा सांगतात. मात्र तिथे चित्र स्थिर राहते आणि निवेदन त्याच्याभोवती वाढत जाते. चित्रपुस्तकात बहुतेक वेळा याच्या उलट. शब्द आवरते घ्यावे लागतात.

आणि आवरते घेणे हेच अवघड पडते. हचिन्स, सेंडॅक, बर्निंगहॅम हे तिघेही लेखक आणि चित्रकार एकाच अंगात असलेले. मराठीत माधुरी पुरंदरे यांचे तसेच. चित्र काढून झाले की त्यांना आपल्याच मजकुरातला शब्द निर्धास्तपणे खोडता येतो. लेखक आणि चित्रकार वेगवेगळे असले, आणि त्यांची भेट संपादकाच्या टेबलावरच होत असली, की लेखक सगळे वर्णन करून ठेवतो आणि चित्रकार त्याबरहुकूम चित्र काढतो. समजा मजकूर असा आहे: ‘बाहेर धो धो पाऊस पडत होता. मिनू खिडकीत बसली होती. तिला फार वाईट वाटत होते.’ चित्रात पाऊस, खिडकी, रडवेली मिनू. पुस्तक चुकीचे नाही, पण वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. आता चित्र तेच ठेवून भिंतीवर साडेसात वाजलेले घड्याळ आणि टेबलावर झाकून ठेवलेले ताट काढायचे, आणि शब्द एवढेच लिहायचे: ‘बाबा म्हणाले होते, पाचच्या गाडीने येतो.’ वाईट वाटण्याचा उल्लेख गेला, पावसाचा गेला, आणि दोन्ही अधिक झाले. आता मूल घड्याळ बघते, ताट बघते, आणि न सांगितलेले वाक्य स्वतः जुळवते.

पुस्तक पारखायचे असेल तर हातानेच पारखता येते. आधी चित्रे झाकून शब्द वाचावेत. गोष्ट पूर्ण कळली आणि काही चुकल्यासारखे वाटले नाही, तर चित्रे शोभेची आहेत. मग शब्द झाकून चित्रे बघावीत. तीच गोष्ट तितकीच कळली, तर शब्द जास्तीचे आहेत. दोन्ही वेळा अपुरे, किंवा वेगळेच काही कळले, तर पुस्तक बरे आहे. फसण्याचा दुसरा प्रकार उलट्या टोकाचा. विसंगती इतकी बारीक असते की ती मुलाच्या नजरेस पडतच नाही. चित्रात तपशिलांची गर्दी असते, किंवा नेमकी महत्त्वाची वस्तू शिवणीत गेलेली असते. हाच घोटाळा मोबाइलच्या पडद्यावर होतो. तिथे बहुधा एकेक पान सुटे दिसते, कोल्हा एका पानावर आणि रोझी दुसऱ्यावर राहिली की पाठलागच उरत नाही.

सर्वांत जास्त नासधूस मात्र प्रेमाने होते. मुलाला कळावे म्हणून वाचणारा मध्येच बोट ठेवून म्हणतो, बघ, मागे कोल्हा आला. अनुवादकही कधी कधी हेच वाक्यात घालतो. कोल्हा शब्दांत आला की सांगणाऱ्याला तो दिसला असे होते, आणि मुलाचे गुपित संपते.

भाषांतरात मराठीचे स्वतःचे काही प्रश्न आहेत, आणि काही सोयीही. इंग्रजी वाक्यात क्रियापद आधी येते आणि जागा मागून येतात. मराठीत क्रियापद शेवटी. त्यामुळे रोझीच्या वाक्याची उलथापालथ करावी लागेल असे वाटते. पण ‘ओलांडून’, ‘वळसा घालून’ अशी ऊनकारान्त रूपे मराठीत हाताशी आहेत, आणि ती वाक्य पुरे होऊ देत नाहीत. प्रत्येक जोडपानावर असे एकेक अर्धवट रूप ठेवले की ऐकणारा पुढच्या क्रियापदाची वाट बघत पान उलटतो. क्रियापद शेवटच्या जोडपानावर, घरी पोचल्यावर. इथे व्याकरणच पान उलटायला लावते.

अडचण येते ती लिंगाची. इंग्रजीत गोष्ट सांगणारा ‘मी’ मुलगा आहे की मुलगी हे शब्दांतून कळत नाही. एखाद्या पुस्तकात ते शेवटच्या चित्रापर्यंत मुद्दाम राखून ठेवलेले असू शकते. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच ते पहिल्या पानावर उघड होते. मग अनुवादकाला अशी रूपे टाळून ‘मला दिसलं’, ‘मला वाटलं’ अशा रचनांवर गोष्ट न्यावी लागते, कारण तिथे क्रियापद दिसलेल्या वस्तूप्रमाणे चालते, बघणाऱ्याप्रमाणे नाही. चालणे, पळणे, पडणे यांनी भरलेल्या गोष्टीत ते जमतेच असे नाही. तिथे चित्रकाराने शेवटापर्यंत सांभाळलेली गोष्ट पहिल्याच क्रियापदाने सांगून टाकलेली असते.